फरकातून नियम: ईदच्या गळाभेटी आणि n वे पद

ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आठवीच्या वर्गाला मी फळ्यावर एक उदाहरण घातले. ईदच्या दिवशी घरातली भावंडे एकमेकांची गळाभेट घेतात. प्रत्येक जोडीची गळाभेट एकदाच मोजायची. दोन भावंडे असतील तर एक गळाभेट होते, तीन असतील तर तीन, चार असतील तर सहा आणि पाच असतील तर दहा. याचा नियम शोधा.

१, ३, ६, १०, …

माझ्याजवळच्या उत्तरसूचीत उत्तर होते n(n + १) ÷ २. रात्री वह्या तपासताना एका मुलीने n(n − १) ÷ २ लिहिलेले दिसले. बेरजेच्या जागी वजाबाकी! मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढची वही घेतली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "टीचर, आम्ही सहा चुलतबहिणी आहोत. ईदला सगळ्या एकत्र होतो. मी नावं लिहून जोड्या मोजल्या, पंधराच होतात. माझ्या उत्तरात n ला सहा धरलं तर पंधरा येतात. तुमच्या उत्तरात एकवीस येतात."

मी तिथेच तिच्या वहीत जोड्या मोजल्या. खरोखर पंधराच होत्या. मग उत्तरसूची चुकली की मी? याचे उत्तर शोधायचे तर आधी फरकाची पद्धत नीट समजून घ्यावी लागते. दहावीत अंकगणिती श्रेढी येते, पण त्याच्या खूप आधी, शिष्यवृत्ती परीक्षेत संख्यांच्या मालिका विचारतात. घरी आई-वडिलांना मुलांबरोबर बसून हे करता येईल, म्हणून सावकाश सांगते.

टेबले जोडताना

घरी दावत आहे. एका लांबट टेबलाच्या दोन्ही लांब बाजूंना दोन-दोन आणि दोन्ही टोकांना एक-एक अशा सहा खुर्च्या बसतात. दुसरे टेबल टोकाला टोक लावून जोडले तर जोडाजवळच्या दोन खुर्च्या काढाव्या लागतात. म्हणून बारा न होता दहा खुर्च्या राहतात. तिसरे जोडले की चौदा. आपण हे असे मांडू:

टेबले: १, २, ३, ४, ५
खुर्च्या: ६, १०, १४, १८, २२
फरक: ४, ४, ४, ४

ओळीने लिहिलेल्या अशा संख्यांना क्रमिका म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक संख्येला पद. शेजारच्या दोन पदांतला फरक इथे दर वेळी ४ आहे. "n व्या पदाचे सूत्र काय?" असे विचारले की वर्गातली निम्मी मुले n + ४ लिहितात. त्यांच्या मनात "दर वेळी चार मिळवायचे" हे असते आणि ते खरेही आहे. पण n म्हणजे टेबलांची संख्या. n ला १ धरले तर n + ४ चे ५ होतात आणि आपल्याला तर ६ खुर्च्या हव्या आहेत. पहिल्याच पदाला चूक पकडली गेली.

दर वेळी ४ वाढतात याचा अर्थ या क्रमिकेत चारचा पाढा लपला आहे. म्हणून खुर्च्यांखाली चारचा पाढा लिहून पाहायचा:

खुर्च्या: ६, १०, १४, १८, २२
४n: ४, ८, १२, १६, २०
उरले: २, २, २, २, २

प्रत्येक वेळी पाढ्यापेक्षा २ जास्त. म्हणून n वे पद ४n + २. दहावीचे सूत्र a + (n − १)d वापरले तरी ६ + (n − १) × ४, म्हणजे हेच येते. आता टेबलाकडे पुन्हा बघा. प्रत्येक टेबलाच्या लांब बाजूंना मिळून चार माणसे बसतात, ते झाले ४n. पूर्ण रांगेच्या दोन टोकांना दोन माणसे, ते झाले + २. सूत्रातली प्रत्येक संख्या कुठून आली ते टेबलावर बोट ठेवून दाखवता येते.

साठ पाहुणे असतील तर? ४n + २ = ६० मांडले की n साडेचौदा येतो. साडेचौदा टेबले कुणी लावत नाही, म्हणून पंधरा लागतील.

फरक सारखा नसेल तर

आता फरशी बसवण्याचे उदाहरण घेऊ. ओट्याच्या मधोमध चौरस फरश्यांची शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी करायची आहे. आधी एक फरशी ठेवली. मग तिच्या चारही बाजूंना एक-एक लावली, पाच झाल्या. त्या आकाराच्या कडेने पुन्हा एक फेरा लावला, तेरा झाल्या. तेराच्या नक्षीत आडव्या ओळींत १, ३, ५, ३, १ अशा फरश्या दिसतात. मुलांनी चौकटीच्या कागदावर रंगवून पाहावे.

नक्षी: १, २, ३, ४, ५
फरश्या: १, ५, १३, २५, ४१
पहिला फरक: ४, ८, १२, १६
दुसरा फरक: ४, ४, ४

पहिला फरक बदलत जातो. पण त्या फरकांचा फरक काढला, तर तो सारखा येतो. त्याला दुसरा फरक म्हणू. दुसरा फरक सारखा आला की सूत्रात n चा वर्ग, म्हणजे n², आहे असे समजावे.

आता किती n² हे कसे कळावे? दुसरा फरक ४ दिसला म्हणून बरीच मुले ४n² लिहून मोकळी होतात. त्यांना आधी नुसत्या वर्गांची क्रमिका लिहायला सांगावी:

n²: १, ४, ९, १६, २५
पहिला फरक: ३, ५, ७, ९
दुसरा फरक: २, २, २

एकट्या n² चाच दुसरा फरक २ आहे. २n² ची क्रमिका २, ८, १८, ३२, ५०. तिचे पहिले फरक ६, १०, १४, १८ आणि दुसरा फरक ४. म्हणजे दुसरा फरक नेहमी n² च्या संख्येच्या दुप्पट असतो. म्हणून दुसऱ्या फरकाचे निम्मे करायचे. सूत्रात एखादा पाढा किंवा सुटी संख्या मिळवली तरी दुसरा फरक बदलत नाही, कारण पाढ्याचा पहिला फरक सारखा असतो आणि सारख्या संख्यांचा फरक शून्य.

आपल्या फरश्यांचा दुसरा फरक ४, त्याचे निम्मे २. म्हणून फरश्यांतून २n² वजा करून काय उरते ते पाहू:

फरश्या: १, ५, १३, २५, ४१
२n²: २, ८, १८, ३२, ५०
उरले: −१, −३, −५, −७, −९

उरलेल्या ओळीत दर वेळी २ कमी होतात. हे तर टेबलांसारखेच सोपे उदाहरण झाले. −२n चा पाढा −२, −४, −६, −८, −१०. आपली ओळ त्याहून प्रत्येक वेळी १ ने जास्त. म्हणून उरले ते −२n + १. पूर्ण सूत्र असे:

२n² − २n + १

n ला ५ धरून पाहा: ५० − १० + १ = ४१. जुळले.

या ठिकाणी दोन चुका वारंवार होतात आणि दोन्ही स्वतःच पकडता येतात. पहिली, निम्मे करायला विसरणे. २n² च्या जागी ४n² वजा केले तर −३, −११, −२३, −३९ उरतात. यांचे फरक −८, −१२, −१६ येतात. उरलेल्या ओळीचा फरक सारखा आला नाही की समजावे, वजा केलेला वर्ग चुकला आहे. दुसरी चूक म्हणजे उलटी वजाबाकी. मुलांना ऋण संख्या नको वाटतात, म्हणून ती २ मधून १, ८ मधून ५ वजा करतात. मग उरलेली ओळ १, ३, ५, ७ अशी छान दिसते आणि सूत्र २n² + २n − १ होते. त्यात n ला १ धरले तर ३ येतात, पण पहिल्या नक्षीत फरशी एकच आहे. वजाबाकी नेहमी दिलेल्या पदातूनच करायची.

आता हीच नक्षी निळ्या आणि पांढऱ्या फरश्यांनी, शेजारी दोन सारखे रंग येणार नाहीत अशी लावा. बाहेरची कड निळी ठेवा. तेराच्या नक्षीत ९ निळ्या आणि ४ पांढऱ्या होतात. पंचवीसच्या नक्षीत १६ निळ्या, ९ पांढऱ्या. वही थोडी तिरकी धरली की दोन चौरस एकमेकांत बसलेले दिसतात, एक n चा वर्ग आणि दुसरा त्याच्या आधीच्या संख्येचा वर्ग. n² + (n − १)² सोडवले तर २n² − २n + १ हेच मिळते. दहाव्या नक्षीला १०० निळ्या आणि ८१ पांढऱ्या, एकूण १८१ फरश्या मागवाव्या लागतील.

फरकांचा आणखी एक उपयोग आहे. दुसरा फरक सारखा असला की पुढचे पद नुसत्या बेरजेने काढता येते. १६ मध्ये ४ मिळवले की २०, आणि ४१ मध्ये २० मिळवले की ६१, हे झाले सहावे पद. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये ज्या गणनयंत्राची कल्पना मांडली, ते याच तत्त्वावर होते: चाके फक्त बेरीज करणार आणि गणिती कोष्टके तयार होणार. त्याच्या हयातीत पूर्ण यंत्र झाले नाही. त्याच्या नंतरच्या एका आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ मध्ये ते करून दाखवले. पण शंभरावे पद हवे असेल तर बेरजा करत शंभरापर्यंत जावे लागते. सूत्र असेल तर ते एका ओळीत मिळते.

पुन्हा गळाभेटी

आता त्या लाल फुलीकडे येऊ. उत्तरसूचीची रीत अशी असणार:

पद: १, ३, ६, १०, १५
पहिला फरक: २, ३, ४, ५
दुसरा फरक: १, १, १

दुसरा फरक १, त्याचे निम्मे अर्धा. म्हणून n² चा अर्धा भाग वजा करायचा. १ मधून अर्धा गेला, उरला अर्धा. ३ मधून २ गेले, उरला १. ६ मधून साडेचार गेले, उरले दीड. १० मधून ८ गेले, उरले २. दर वेळी अर्धा वाढतो, म्हणजे उरला तो n चा अर्धा. दोन्ही मिळून n(n + १) ÷ २. यात काही चूक नाही.

मग त्या मुलीने काय केले होते? तिची कच्ची वही पाहिली. तिने सुरुवातीला एक शून्य लिहिले होते. एकच भाऊ किंवा बहीण असेल तर गळाभेट शून्य. तिची क्रमिका अशी होती:

भावंडे: १, २, ३, ४, ५
गळाभेटी: ०, १, ३, ६, १०

दुसरा फरक तोच, १. n² चा अर्धा भाग वजा केला की वजा अर्धा, वजा एक, वजा दीड, वजा दोन, वजा अडीच उरतात. म्हणजे उणे n चा अर्धा. दोन्ही मिळून n(n − १) ÷ २. यातही काही चूक नाही.

फरक n च्या अर्थात होता. उत्तरसूचीत n म्हणजे पदाचा क्रमांक. पहिले पद दोन भावंडांचे आहे, दुसरे तीन भावंडांचे. तिथे n ला ६ धरले तर सात भावंडांच्या गळाभेटी मिळतात, आणि त्या एकवीसच आहेत. मुलीच्या सूत्रात n म्हणजे भावंडे. मी फळ्यावर "याचा नियम शोधा" एवढेच लिहिले होते. n म्हणजे काय ते लिहिलेच नव्हते. प्रश्न भावंडांचा होता, म्हणून तिने n म्हणजे भावंडे धरली.

तिचे सूत्र का बरोबर आहे तेही तिने सांगितले. सहाजणींपैकी प्रत्येक जण बाकीच्या पाचजणींना भेटते. सहा पंचे तीस. पण मी तिला भेटले आणि ती मला भेटली ही एकच गळाभेट दोनदा मोजली गेली, म्हणून निम्मे, पंधरा. हे कारण उत्तरसूचीत नव्हते.

तीन संख्यांवर भरवसा नको

त्याच आठवड्यात मी वर्गाला दुसरे एक उदाहरण दिले. २, ४, ८ यानंतर काय? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सोळा.

मग मी सारख्या मापाच्या बांगड्या आणि कोरे कागद वाटले. कागदावर एक बांगडी ठेवून वर्तुळ काढले की कागदाचे दोन भाग होतात, आत आणि बाहेर. दुसरे वर्तुळ पहिल्याला छेदून काढले की चार भाग. तिसरे वर्तुळ दोघांना छेदून काढले, पण आधीच्या छेदबिंदूतून जाऊ दिले नाही, तर आठ भाग. आता चौथे असे काढा की जास्तीत जास्त भाग होतील. मुलांनी खूप कागद खराब केले. चौदाच्या वर कुणी गेले नाही.

कारण असे. चौथे वर्तुळ आधीच्या तिघांपैकी प्रत्येकाला फार तर दोन ठिकाणी छेदते. म्हणजे त्यावर सहा बिंदू येतात आणि त्याचे सहा तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका जुन्या भागाचे दोन करतो, म्हणून सहा भाग वाढतात. ८ + ६ = १४. पाचव्याने ८ वाढतात, २२ होतात.

भाग: २, ४, ८, १४, २२
पहिला फरक: २, ४, ६, ८
दुसरा फरक: २, २, २

दुसऱ्या फरकाचे निम्मे १. n² वजा केले की १, ०, −१, −२, −३ उरतात, म्हणजे −n + २. सूत्र n² − n + २.

२, ४, ८ एवढेच दिले असेल तर सोळाही चालतात आणि चौदाही. तीन संख्यांचे पहिले फरक दोनच मिळतात आणि दुसरा फरक एकच. एकच संख्या असेल तर ती "सारखी" असणारच, त्याने काही सिद्ध होत नाही. म्हणून दुसरा फरक पाहायला निदान चार पदे हवीत, पाच असली तर बरे. आणि पाच पदांनीही अंदाजच पक्का होतो. पुढेही तसेच चालेल याची खात्री त्या वस्तूतून मिळते: टेबलाच्या दोन टोकांतून, निळ्या-पांढऱ्या चौरसांतून, बांगडीच्या सहा तुकड्यांतून.

त्या मुलीच्या वहीतली फुली मी खोडली, पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिले, "तुझे बरोबर आहे, माझ्या प्रश्नात n चा अर्थ राहिला होता." वर्गासमोरही तसे सांगितले. आता असा कोणताही प्रश्न फळ्यावर लिहिताना पहिल्या ओळीत मी "n म्हणजे …" लिहिते. एखादे दिवशी मी विसरले तर पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी विचारतेच, "टीचर, n म्हणजे काय?"

घरी करून पाहण्यासाठी एक क्रमिका देते: ५, १२, २३, ३८, ५७. फरक काढा, निम्मे करा, वजा करा, उरलेल्या ओळीचा नियम शोधा. मग n ला १ धरून ५ येतात का ते पाहा. सूत्र बरोबर असेल तर दहावे पद २१२ येईल.